आयव्हीएफ चालू असताना मूड, मन आणि नवरा-बायको: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. पुण्यात तीन सायकल केल्या, त्यातल्या दोन फेल गेल्या, आणि तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका (आणि हल्ली दोन-चार नवरेसुद्धा) रात्री दहानंतर फोन करतात. प्रश्न तेच ते असतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. औषधाचा डोस, कुठलं सेंटर चांगलं, खर्च किती, हे इथे नाहीये. एका सायकलमध्ये, म्हणजे पहिल्या इंजेक्शनपासून बीटाच्या, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टपर्यंत, माणसाच्या आत काय काय होतं आणि घरात त्याचे काय पडसाद उमटतात एवढंच आहे.

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून मी सगळ्यांवर खेकसतेय. हे औषधामुळे की मीच अशी झालेय?

दोन्ही असू शकतं, पण कुठल्या दिवशी काय हे बऱ्यापैकी ओळखता येतं. सायकलला तारखा असतात ना, तशा मूडलाही असतात.

काही जणींना आधी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं देतात, पाळीच्या आधीपासून. त्यात शरीरातलं इस्ट्रोजन मुद्दाम खाली आणतात, म्हणजे थोडे दिवसांपुरती मेनोपॉजसारखी अवस्था. अंगातून गरम वाफा, डोकं दुखणं, झोप तुटणं, आणि भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून रडू येणं. ज्यांचा अँटागोनिस्ट प्रोटोकॉल असतो (हल्ली बहुतेकींचा तोच असतो) त्यांना हा भाग लागत नाही. मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोटात रोजचं इंजेक्शन, साधारण 8 ते 12 दिवस. त्यात उलटं होतं, इस्ट्रोजन खूप वर जातं. पोट फुगतं, जीन्सचं बटण लागत नाही, अंग जड, आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत चिडचिड कळसाला. पिकअप झाला, म्हणजे अंडी बाहेर काढली, की ते उतरतं आणि लगेच प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. त्याचा रंग वेगळा: सुस्ती, छाती दुखणं, कारण नसताना डोळे भरून येणं.

माझा साधा नियम असा की जो मूड औषधाबरोबर येतो आणि औषध बदलल्यावर किंवा थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत उतरतो तो औषधाचा. जो औषध बंद होऊनही तिथेच बसून राहतो, त्याच्याकडे वेगळं बघायला हवं, त्याबद्दल खाली लिहिलंय. कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहा, 1 ते 10, आज मन कसं होतं. बास, डायरी वगैरे लिहायची गरज नाही. दुसऱ्या सायकलला मी हे केलं आणि मला कळलं की ज्या दोन दिवशी मी नवऱ्याला "तुला काही पडलेलीच नाहीये" म्हणाले होते ते दोन्ही ट्रिगरच्या, म्हणजे पिकअपआधीच्या शेवटच्या इंजेक्शनच्या, आधीचे दिवस होते. बिचाऱ्याला पडलेली होती, तो फ्रीजमधली इंजेक्शनं मोजत बसायचा.

पिकअप झाल्यावर रोज लॅबमधून फोन येतो आणि रोज काळजात धस्स होतं. असं सगळ्यांनाच होतं का?

हो. आणि याबद्दल आधी कोणी सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

नाशिकची एक जोडी मला जवळून माहितीये. ती बँकेत, तो एका कंपनीत सुपरवायझर. सोनोग्राफीत अंड्यांच्या पिशव्या, म्हणजे फॉलिकल, 14 दिसले होते. पिकअपला 11 अंडी आली. गुंगी उतरल्यावर नर्सने "अकरा" सांगितलं आणि दोघं खूश, त्याने तर गाडीत बसल्या बसल्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन, 11 पैकी 8 मॅच्युअर होती, 6 फर्टिलाइज झाली, म्हणजे त्यांचे एम्ब्रिओ बनले. तिसऱ्या दिवशी 5 चांगली वाढतायत. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस नीट वाढलेले एम्ब्रिओ, 2.

आता हे आकडे वाईट नाहीत हं, हे अगदी नेहमीसारखे आहेत, प्रत्येक पायरीला गळती होणारच असते. पण तिच्या कानांनी ऐकलं ते असं, की अकरा होते आणि नऊ गेले. ती मला म्हणाली, "ताई, रोज कोणीतरी थोडं थोडं काढून घेतंय असं वाटतं." आणि तिकडे हा घरी दोन आहेत म्हणून आनंदात, कारण त्याच्या हिशोबाने एक पुरेसं असतं. भांडण इथे झालं. तो "दोन आहेत ना!" म्हणाला आणि ती "तुला नऊ दिसतच नाहीत" म्हणाली. दोघं आपापल्या जागी खरं बोलत होते.

उपाय म्हणाल तर एवढाच, पिकअपच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की माझ्या वयाला, माझ्या एएमएचला, म्हणजे अंड्यांचा साठा सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या आकड्याला, साधारण किती अंडी आणि त्यातून किती ब्लास्टोसिस्ट अपेक्षित धरायचे. आकडा आधी कानावरून गेला असला की फोनवर तो पडल्यासारखा वाटत नाही. आणि फोन एकानेच घ्यावा हे ठरवा. काही जणींना स्वतःच घ्यायचा असतो, काही जणींना नवऱ्याने घेऊन संध्याकाळी समोर बसून सांगितलेला बरा वाटतो. आणि सासरी, माहेरी रोजचा आकडा अजिबात सांगू नका, नाहीतर उद्या कमी का झाला याचा जाब तुम्हीच देत बसाल.

ट्रान्सफरनंतरचे चौदा दिवस वेड लावतात. काय करायचं?

सगळ्यात अवघड काळ हाच. तोवर रोज काहीतरी असतं, सोनोग्राफी, इंजेक्शन, फोन. ट्रान्सफर झालं, म्हणजे एम्ब्रिओ गर्भाशयात सोडला, की अचानक कोणी बोलवत नाही, फक्त कॅप्सूल किंवा जेल लावायचं नाहीतर तेलातलं इंजेक्शन घ्यायचं (त्याच्या कमरेखाली गाठी होतात, शेकायच्या), आणि रक्ताची तारीख येईपर्यंत थांबायचं. डे फाइव्हचा एम्ब्रिओ असेल तर ती तारीख साधारण 10 ते 14 दिवसांनी असते.

या दिवसांत बाई स्वतःच्या शरीरावर हेरगिरी करते. छाती दुखतेय का, आज कमी दुखतेय का, पोटात टोचलं ते रुजल्याचं की पाळीचं. यातली गोम अशी की प्रोजेस्टेरॉन स्वतःच छाती दुखवतं, पोट फुगवतं, झोप आणतं. म्हणजे गरोदरपणाची लक्षणं आणि पाळीची लक्षणं, दोन्ही औषधच तयार करतं. त्यामुळे लक्षणांवरून काहीही कळत नाही. लक्षण आहे म्हणून हुरळून जाऊ नका, आणि आज छाती दुखायची थांबली म्हणून रात्रभर रडूही नका.

घरी टेस्ट करायची की नाही, हे भांडणाचं दुसरं कारण. फ्रेश ट्रान्सफर असेल, म्हणजे एम्ब्रिओ न गोठवता त्याच सायकलमध्ये सोडला असेल, आणि ट्रिगर एचसीजीचं, म्हणजे टेस्ट जो हार्मोन शोधते त्याचंच, असेल तर त्याचा अंश शरीरात दहा दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा राहू शकतो, म्हणजे लवकर केलेल्या टेस्टला खोटी दुसरी रेघ येऊ शकते. आणि खरंच दिवस राहिले असूनही लवकर केली तर रेघ कदाचित येणारही नाही. म्हणजे दोन्हीकडून फसगत. करायचीच असेल तर दोघांनी मिळून तारीख ठरवा. एकटीने पहाटे चारला बाथरूममध्ये मोबाइलचा टॉर्च मारून रेघ शोधत बसणं मी केलेलं आहे. ती रेघ नसते, ती आपल्या डोळ्यांत असते.

बेडरेस्टबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे ट्रान्सफर झालं की माहेरी नेऊन चौदा दिवस झोपवतात, जिना नाही, शिंक नाही, हसणंसुद्धा जपून. झोपून राहिल्याने यश वाढत नाही हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. शिंकल्याने एम्ब्रिओ पडत नाही, गर्भाशय म्हणजे उघडी वाटी नाही, तिथे आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. उलट झोपून राहिलेल्या बाईला विचार करण्याशिवाय दुसरं कामच नसतं, आणि फेल गेल्यावर "मी त्या दिवशी बादली उचलली म्हणून" हा विचार वर्षानुवर्षं पुरतो. डॉक्टरांनी तुमच्या केसमध्ये वेगळं कारण सांगितलं असेल तर ऐका, नाहीतर ऑफिसला जा, चाला, भाजी आणा.

"टेन्शन घेतेस म्हणूनच राहत नाही" असं सगळे म्हणतात. खरंय का?

याचं उत्तर मला मोठ्या अक्षरात लिहून सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावायचंय.

2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, 3583 बायका. उपचाराच्या आधी ज्यांच्या मनावर जास्त ताण होता त्यांना त्या सायकलमध्ये दिवस राहण्याचं प्रमाण कमी होतं का, हे पाहिलं होतं. तसा फरक दिसला नाही. म्हणजे तुमच्या रडण्याने सायकल फेल गेलेली नाही. बहुतेक वेळा एम्ब्रिओतच क्रोमोझोमचा दोष असतो, आणि तो वयानुसार वाढतो, त्यात तुमच्या मूडचा हात नाही.

ताण कमी करायचा तो ताण वाईट असतो म्हणून, झोप यावी म्हणून, पुढच्या सायकलला उभं राहता यावं म्हणून. पाळणा हलावा म्हणून नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नाहीतर बाई टेन्शन आलं याचंच टेन्शन घेते आणि ध्यानाला बसूनसुद्धा स्वतःला मार्क देते.

एएमएच कमी आला तेव्हापासून मी बाईच नाही असं वाटतंय.

माझा 0.9 होता. डॉक्टर सहज बोलून गेले, "रिझर्व्ह कमी आहे, पुअर रिस्पॉन्डर असाल", आणि मी दहावीला नापास झाल्यासारखी बाहेर आले. रिक्षात बसून काय बघत होते माहितीये? शेजारच्या बाईच्या मांडीवरचं बाळ नाही, तिच्या पर्सला लावलेली सेफ्टी पिन. दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

एएमएच सांगतो की इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती अंडी हाताशी येतील. अंडी चांगली की वाईट हे तो सांगत नाही, ते जास्त करून वयावर असतं. पण रिपोर्टवर बाजूला लाल बाण असतो, आणि भाषाही कशी असते बघा: पुअर, फेल्युअर, इनकॉम्पिटंट. सगळे परीक्षेचे शब्द. ते शब्द अंडाशयाबद्दल असतात आणि आपण ते आख्ख्या स्वतःला चिकटवून घेतो.

त्यात आपल्याकडचे कार्यक्रम. डोहाळजेवण, बारसं, संक्रांतीचं हळदीकुंकू. कोणी म्हणत नाही की येऊ नको, पण ओटी भरताना हात तुमच्यापाशी येऊन क्षणभर थांबतो. एक काकू तर प्रेमाने म्हणाल्या, "तू मागे बस हं, उन्हाचं." उन्हाचं! हॉलमध्ये कसलं ऊन.

मी काय करायचे सांगते. नाही जायचे. अहेर आणि शुभेच्छा आधी पाठवायचे आणि त्या दिवशी ऑफिसचं काम काढायचे. जवळच्या बहिणीचं असेल तर कार्यक्रमाला न जाता दोन दिवस आधी एकटीला भेटून यायचे, दोघी बसून बोलायचो, तिलाही बरं वाटायचं. मत्सर वाटतो म्हणून स्वतःला वाईट समजू नका. तिचं बाळ तिच्याकडून काढून घ्यावं असं तुम्हाला वाटत नसतं, तुम्हाला तुमचं हवं असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोष नवऱ्यात आहे पण घरी सगळे मलाच बोलतात. सांगावं का?

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारणही असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. पण नवस कोणाला करायला लावतात, उपास कोणाला, वैद्याकडे कोणाला नेतात, ते तुम्हाला माहितीये.

बऱ्याच बायका नवऱ्याची लाज झाकतात. सुरुवातीला प्रेमाने, आणि मग दोन-तीन वर्षांनी तेच कडू होतं, कारण बोलणी ती खाते आणि तो शेजारी बसून टीव्ही बघतो. लग्नाला चीर पडते ती इथे पडते असं माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या रिपोर्टने नाही, त्याच्या गप्प बसण्याने.

आकडे सांगायची गरज नाही. पण "हिच्यात दोष नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून, त्याच्या आईसमोर, एकदा गेलंच पाहिजे. एकाने असं केलं: "आई, आमचे उपचार चालू आहेत, कारण दोघांचं मिळून आहे, रिपोर्ट आला की मी स्वतः सांगेन, तिला विचारायचं नाही." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, "इंजेक्शन दुखतं का गं?" सगळीकडे असं गोड होईल असं नाही. पण निदान ती एकटी उरत नाही.

पुरुषाचं दुःख कसं दिसतं तेही सांगते, कारण ते रडण्यासारखं दिसत नाही. तो उशिरा घरी येतो, बाइकची सर्व्हिसिंग काढतो, रात्री दोन पेग वाढतात, हॉस्पिटलच्या तारखा विसरतो. काउंट कमी आलेल्या एकाने मला सांगितलं की रिपोर्टनंतर तो मित्रांबरोबर टर्फवर खेळायला जायचा बंद झाला, का ते त्यालाच कळेना. एक रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे हेही त्याला सांगा. आजारपण, ताप, सॅम्पल नीट न देणं, यानेही आकडा पडतो. नवीन शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टर टेस्ट पुन्हा करायला लावतात.

पिकअपच्या दिवशी नवऱ्याला सॅम्पलच देता आलं नाही. आता तो माझ्याशी बोलत नाहीये.

हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, फक्त कोणी बोलत नाही. विचार करा, बायको आत टेबलावर, बाहेर सासरे बसलेले, एका छोट्या खोलीत प्लास्टिकची डबी, दारावर कोणीतरी टकटक करून "सर, झालं का?" विचारतंय. कोणाचं होईल?

यावर उपाय सोपा आहे आणि तो आधी करायचा असतो: एक सॅम्पल आधीच फ्रीज करून ठेवणं. पहिल्या व्हिजिटलाच विचारा. बॅकअप आहे हे माहीत असलं की बहुतेकदा त्याची गरजच पडत नाही. घर जवळ असेल तर घरून आणता येतं का, तेही विचारा, साधारण तासाभरात आणि अंगाच्या उबेत पोचवावं लागतं. आणि घडून गेलं असेल तर त्या दिवशीच बोलू नका. तीन-चार दिवसांनी, शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत, डोळ्यात डोळे घालून नको. "मला राग आला होता, आता भीती वाटतेय की तू दूर जाशील", इतकंच.

आमच्यात आता जवळीकच राहिली नाहीये. सगळं तारखेने.

आयव्हीएफच्या आधी बहुतेकांनी वर्ष-दोन वर्षं "या तीन रात्री" असं केलेलं असतं, फॉलिकल स्टडीचा मेसेज आला की घरी लवकर ये. त्याने इच्छा मरते, दोघांचीही. तुम्ही अजून त्या टप्प्यात असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी संबंध असेल तर नेमकी तारीख गाठायची गरज पडत नाही. त्याला तारीख सांगूच नका.

आयव्हीएफच्या महिन्यात तर संबंधाचा निकालाशी संबंधच नाही. मधले काही दिवस डॉक्टर नको म्हणतात, ते पाळा. बाकीच्या दिवसांत काही सिद्ध करायचं नसतं. नाशिकच्या त्या जोडीने ठरवलं होतं की रात्री साडेनऊनंतर ट्रीटमेंटचा विषय बंद, इंजेक्शन टोचून झालं की डबा फ्रीजमध्ये आणि विषयही. पहिले चार दिवस दोघांना बोलायला काही सुचेना. मग पत्ते खेळायला लागले, पाच-तीन-दोनला तिसरा लागतो म्हणून वॉचमनच्या मुलाला बोलवायचे.

बीटा पॉझिटिव्ह आला, मग उतरला. लोक म्हणतात "काही झालंच नव्हतं". मला का एवढं रडू येतंय?

परत नाशिककडे जाते. तिचा पहिला बीटा 46 आला. फोन आल्यावर दोघं देवाला जाऊन आले, पेढे घेतले नाहीत पण दुकानासमोर थांबले. 48 तासांनी परत रक्त. हा आकडा चांगल्या केसमध्ये दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट व्हायला हवा. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं, ती काउंटरवर होती, समोर एफडी मोडायला आलेले आजोबा. 31. तिने आजोबांचं काम पूर्ण केलं, सही घेतली, पावती दिली, आणि मग स्टेशनरीच्या खोलीत जाऊन बसली.

याला केमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. म्हणजे एम्ब्रिओ रुजायला लागला होता आणि थांबला. सोनोग्राफीत दिसण्याआधीच गेला म्हणून लोकांना ते "काही नव्हतं" वाटतं. तिच्यासाठी ती 48 तास आई होती. रडू येणारच, यात समजावण्यासारखं काही नाही.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "एक फ्रोझन आहे ना, पुढच्या वेळी होईल." त्याला आधार द्यायचा होता. तिला ऐकू आलं की हे मोजायचंच नाही. ती चार दिवस माहेरी गेली. परत आल्यावर त्याने जे केलं ते मला आवडलं: त्याने तो 46 चा रिपोर्ट प्रिंट करून फाइलीत लावला होता, 31 च्या वर. म्हणाला, "हा पण ठेवू." तेव्हा ती त्याच्यासमोर पहिल्यांदा रडली, तोही रडला.

निकालाच्या दिवसासाठी माझा एक आग्रह आहे, रिपोर्ट कामाच्या ठिकाणी उघडायचा नाही. लॅबला सांगा की संध्याकाळी सातनंतर पाठवा, किंवा नवऱ्याच्या नंबरवर. त्या रात्री पुढच्या सायकलचं बोलायचं नाही. आणि औषधं स्वतःहून थांबवायची नाहीत, डॉक्टरांना विचारून, कारण बीटा उतरतोय याची खात्री होईपर्यंत, म्हणजे गर्भ भलतीकडे म्हणजे नळीत नाही ना हे कळेपर्यंत, तपासण्या चालू राहतात. मन नको म्हणेल, तरी ते रक्त द्यायला जा.

हे साधं दुःख आहे की डिप्रेशन? कधी डॉक्टरकडे जायचं?

फेल गेलेल्या सायकलनंतर दोन-तीन आठवडे वाईट जाणार. पण दुःख लाटेसारखं असतं, येतं, जातं, मध्ये एखाद्या दिवशी भूक लागते, एखाद्या जोकला हसू येतं. रोज, दिवसातला बहुतेक वेळ, सलग दोन आठवड्यांहून जास्त मन मेल्यासारखं असेल, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप नाही, कामात साधी बेरीज चुकतेय, मी सगळ्यांवर ओझं आहे असं वाटतंय, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. तिथे ते नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-9 नावाचा फॉर्म देतील, दहा आणि वर आकडा आला तर ते गंभीरपणे घेतात.

आधीपासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर "बाळासाठी" म्हणून स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंद करू नका. आयव्हीएफच्या डॉक्टरांना आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, बऱ्याचदा चालणारी गोळी आणि डोस निघतो.

मरून जावं, निघून जावं असे विचार येत असतील तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी कोणालातरी सांगायचं आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. टेलिमानसचा सरकारी नंबर 14416, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सेंटरमध्ये काउन्सेलिंग झालं म्हणतात, पण ते तर पॅकेज समजावणं होतं.

माझंही तसंच झालं. एका सेंटरला (नाव नको) "काउन्सेलर मॅडम"नी वीस मिनिटं ईएमआय समजावला. 2021 च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या, कायद्यात क्लिनिकने जोडप्याला प्रोफेशनल काउन्सेलिंग द्यायचं, यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च सांगायचा असं आहे. त्यामुळे मागायला लाजू नका. पण मनाचं काउन्सेलिंग हवं असेल तर बाहेरचा सायकॉलॉजिस्ट शोधा, ज्याला तुम्ही पुढची सायकल केली काय नाही केली काय, काही फरक पडत नाही. आणि दोघं जा. एकटी गेली की घरी "तुलाच प्रॉब्लेम आहे" होतं.

सासरचे म्हणतात मूल नाही तर सोडून दे. असं चालतं का?

नाही. हिंदू विवाह कायद्यात मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण नाही. नपुंसकत्व वेगळं, वंध्यत्व वेगळं, लोक मुद्दाम एकच करतात. मारहाण किंवा रोजचा छळ होत असेल तर तो वेगळा विषय आहे, वकील गाठा.

थांबायचं कधी?

सायकलच्या मध्ये किंवा फेल गेल्याच्या आठवड्यात हे ठरवू नका, दोन्ही वेळेला माणूस भलतंच ठरवतो. सुरू करायच्या आधी, शांतपणे, कागदावर दोन आकडे लिहा: जास्तीत जास्त किती सायकल, आणि जास्तीत जास्त किती पैसे. एक सायकल सगळं धरून दीड-दोन लाखांच्या वर सहज जाते, आणि दागिने मोडून केलेल्या तिसऱ्या सायकलचा ताण पहिल्यासारखा नसतो. दोघांचे आकडे वेगवेगळे येतील. आमचे आले होते, माझा पाच, त्याचा दोन. मी चिडले, मग कळलं की त्याला दोन म्हणायचं होतं कारण मला ॲनेस्थेशिया देताना त्याला बघवत नव्हतं. तीनवर आलो.

मध्ये ब्रेक घेतला तर चालतो का, असंही विचारतात. फ्रोझन एम्ब्रिओचं वय वाढत नाही, तो ज्या दिवशी गोठवला त्या दिवसाचाच राहतो, त्यामुळे दोन-तीन महिने थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही. फ्रोझन नसेल आणि वय अडतीस-चाळीस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच ब्रेक ठरवा, तिथे महिने मोजावे लागतात.

नाशिकचे दोघं सध्या ब्रेकवर आहेत. एक फ्रोझन आहे, मार्चनंतर बघू म्हणाले. पाच-तीन-दोन चालू आहे, वॉचमनचा मुलगा आता दोघांनाही हरवतो.